मदत हवी आहे: बँक आणि विम्याच्या फॉर्मवरचा नॉमिनी म्हणजे काय, हे बाबांना पत्रातून समजावायचं आहे

मुक्ता_आर

नमस्कार. बाबा गावी असतात. फोनवर सांगितलेलं त्यांना पटत नाही, पण कागदावर लिहिलेलं ते दोन-तीनदा वाचतात आणि मग विचारतात. म्हणून हे पत्रच लिहायला घेतलं आहे.

बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावावर 12 लाखांची एफडी आहे आणि नॉमिनीचा रकाना कोरा आहे. बाबांचं म्हणणं, दादाचं नाव लिहिलं तर सगळं दादाचं होईल आणि तुझ्यावर अन्याय होईल, त्यापेक्षा कुणाचंच नको. शिवाय लग्नाआधी काढलेली 5 लाखांची आयुर्विमा पॉलिसी अजून चालू आहे, तिच्यावर नॉमिनी म्हणून काकांचं नाव आहे. घरात आई, दादा, मी आणि आजी, म्हणजे बाबांची आई. मृत्युपत्र केलेलं नाही. आम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो.

आतापर्यंत एवढंच लिहून झालंय:

«तीर्थरूप बाबांस, सा. न. वि. वि. तुम्ही रकाना कोरा ठेवलात तो आमच्यात वाद नकोत म्हणून, हे मला कळतं. पण रकाना कोरा ठेवून वाद टळत नाहीत...»

इथून पुढे कसं लिहू? बाबांना न चुकवता पण सोपं सांगायचं आहे.

सदाशिव_पेठकर

सोपं आहे. नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 सालीच विम्याच्या खटल्यात हे सांगितलं आहे. बँक असो की विमा, नियम एकच. एवढं एक वाक्य लिहा, पत्र झालं.

वसुधा_ज

पेठकरकाका, बँकेबाबत तुमचं बरोबर आहे, विम्याबाबत आता अर्धंच. विमा कायद्याचं कलम 39 2015 च्या दुरुस्तीने बदललं. पॉलिसीधारकाने स्वतःचे आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं, तर त्या नॉमिनीचा त्या पैशावर स्वतःचा हक्क धरला जातो. यादीबाहेरच्या माणसाला केलं, तर तो जुन्यासारखाच, घेऊन वारसांना देणारा. काका, म्हणजे बाबांचा भाऊ, त्या यादीत नाही.

मुक्ता, म्हणून पत्रात बँक आणि विमा वेगवेगळ्या परिच्छेदांत लिही. एकत्र केलंस की बाबा एकाचा नियम दुसऱ्याला लावतील. बँकेपासून सुरू कर, आणि आकडे घालून, कारण त्यांची शंका वाट्याची आहे:

«बाबा, समजा तुम्ही दादाचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलंत. तुमच्यामागे बँक व्याजासकट सगळी रक्कम दादाच्या हातात देईल आणि बँकेची जबाबदारी तिथे संपेल. दादाची मात्र तिथे सुरू होईल. तुम्ही मृत्युपत्र केलं नसेल, तर त्या 12 लाखांचे चार सारखे वाटे होतात: आई, आजी, दादा आणि मी, प्रत्येकी 3 लाख. दादाने ते दिले नाहीत, तर आम्ही तिघी ते कायद्याने मागू शकतो. त्याचं नाव फॉर्मवर होतं म्हणून तो वाटा त्याचा होत नाही.»

आजीचा वाटा हमखास विसरला जातो. मुलगा आधी गेला आणि आई हयात असेल, तर आई पहिल्या वर्गाची वारस असते. तो उल्लेख गाळू नकोस.

मुक्ता_आर

आजीचं माहीत नव्हतं, आभार. पण हे वाचून बाबा म्हणतील, वाटे तसेही कायद्याने होणार असतील तर नाव लिहायचंच कशाला?

शाखेतला_माणूस

याचं उत्तर काउंटरवर मिळतं. नॉमिनी नोंदलेला असला की तो येतो, दाव्याचा फॉर्म भरतो, मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखीची व पत्त्याची कागदपत्रं देतो, काम होतं. वारसाचा दाखला आम्ही मागत नाही.

नॉमिनी नसेल तर सगळे वारस कोण, हे आधी बँकेला दाखवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. म्हणजे तुमच्या 12 लाखांना न्यायालयात जावं लागू नये. पण सोपी म्हणजे काय, तर दावा करणाऱ्यांचं हमीपत्र, दावा न करणाऱ्या प्रत्येक वारसाचं ना हरकत पत्र, आणि वारस कोण याचा अधिकृत दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं प्रतिज्ञेवरचं निवेदन. एक वारस परगावी आहे किंवा रुसलेला आहे, की फाइल तिथेच अडते. रकाना कोरा ठेवून बाबांना जो वाद टाळायचा आहे, त्याला नेमकी इथे जागा मिळते. हे पत्रात जरूर घाला.

आणि कृपा करून लिहा की बचत खात्यावर नाव दिलंय म्हणजे एफडीवर लागलंच, असं धरू नका. प्रत्येक पावतीवर वेगळं बघायचं.

निनाद७

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या सोसायटीत फ्लॅटला नॉमिनी मी आहे, सोसायटीने दाखल्यावर माझं नाव चढवलं. मग फ्लॅट माझाच ना? बहीण म्हणते नाही.

वसुधा_ज

निनाद, हा बँक-विम्याचा धागा आहे, पण थोडक्यात: नाव चढलं म्हणजे सोसायटी पुढे तुमच्याशी व्यवहार करेल. बहिणीचा वारसाहक्क त्याने जात नाही. वेगळा धागा काढा, तिथे कागद पाहून बोलू.

सदाशिव_पेठकर

वसुधाताई, 2015 चा बदल मान्य. पण मुक्ताच्या बाबांची पॉलिसी त्याच्या कितीतरी आधीची आहे. तिला जुनाच नियम लागणार.

वसुधा_ज

पॉलिसी कधी काढली यावर ते ठरत नाही. दुरुस्ती लागू झाल्यानंतर ज्या पॉलिसीचे पैसे देय होतात, त्या सगळ्यांना नवी तरतूद लागते. ही पॉलिसी अजून चालू आहे, तेव्हा आत.

मुक्ता, विम्याचा परिच्छेद असा लिहून बघ:

«विम्याचं वेगळं आहे. आज काकांचं नाव आहे, म्हणून कंपनी 5 लाख काकांना देईल आणि त्यांनी ते आम्हाला आणून द्यायचे. काका देतील यात शंका नाही. पण काका तुमच्या आधी गेले, तर ते नाव आपोआप रद्द होतं आणि आम्हाला वारस असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. आईचं नाव लावलंत, तर ती रक्कम तिच्या हक्काची म्हणून तिला मिळेल. पॉलिसीची मुदत तुमच्या हयातीत संपली, तर पैसे तुम्हालाच मिळतात, तिथे नॉमिनीचा संबंध येत नाही.»

«तिच्या हक्काची» या शब्दांवर मात्र मी थोडी अडखळते. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं की इतर वारसांनी दावा केला तर हे कलम वारसा कायद्याच्या वर जात नाही. सगळीकडे एकसारखं मत अजून झालेलं नाही. तुमच्या घरात आईलाच पैसे मिळावेत यावर सगळ्यांचं एकमत असेल, तर प्रश्न येणार नाही. नसेल, तर बाबांनी मृत्युपत्रातही तेच लिहावं, म्हणजे दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलणार नाहीत.

सदाशिव_पेठकर

मग माझं 1984 अगदीच टाकाऊ नाही तर! चला, कलम 39 पुन्हा वाचतो.

शाखेतला_माणूस

नाव बदलताना सगळ्यात जास्त चूक होते ती अशी: फॉर्म भरला, सही केली आणि कपाटात ठेवला. विमा कंपनीकडे लेखी कळवून नोंद झाली नाही, तर कंपनी जुन्या नॉमिनीलाच पैसे देते आणि तिला दोष देता येत नाही. पॉलिसीवर किंवा कंपनीच्या पत्रावर नवं नाव छापून आलं की मगच झालं समजा. बँकेतही पोच मागून घ्या, पावतीवर नामनिर्देशन नोंदल्याचा उल्लेख आहे का बघा. आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा. घरात हाक मारायचं नाव किंवा माहेरचं आडनाव लिहिलेलं असलं, की हीच ती व्यक्ती हे सिद्ध करण्यात वेळ जातो.

बाबा सही करतात ना? अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात, सहीला नाही.

मुक्ता_आर

सही करतात. एक शेवटचं. एकालाच निवडायचं हीच बाबांची अडचण आहे. आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं देता येतात का?

शाखेतला_माणूस

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीवर चार जणांपर्यंत नावं देता येतात. एक तर टक्के लिहून एकाच वेळी, उदाहरणार्थ आई 50, दादा 25, तुम्ही 25, बेरीज 100 झालीच पाहिजे. नाही तर क्रमाने: आधी आई, ती नसेल तर दादा, मग तुम्ही. लॉकरला फक्त क्रमाचा पर्याय आहे.

टक्के लिहिल्यावर एक लक्षात ठेवा. तिघांपैकी एक जण आधी गेला, तर त्याचा वाटा उरलेल्यांना जात नाही. तेवढ्या भागाला नॉमिनीच नाही असं धरतात. काही शाखांतून अजून जुना, एकाच नावाचा फॉर्म हातात पडतो. चार नावांचा मागून घ्या.

वसुधा_ज

आणि ते टक्केसुद्धा बँकेने कुणाला किती द्यायचं यापुरतेच. 50-25-25 लिहिलं तरी आजीचा 3 लाखांवरचा हक्क तसाच राहतो. बाबांना खरंच आईला निम्मं द्यायचं असेल तर ते मृत्युपत्रात लिहावं लागेल, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. नोंदणी सक्तीची नाही.

कमल_देव

आईला एफडीत दुसरं नाव म्हणून घेतलं तर? दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला, असं करून?

शाखेतला_माणूस

चालतं, आणि मग नॉमिनीचा प्रश्न दोघंही गेल्यावरच येतो. पण हयात असलेल्याला मुदतीआधी एफडी मोडता यावी, ही सूचना आधीच दोघांच्या सहीने देऊन ठेवा. अर्थात आईच्या हातात पैसे आले, तरी आजीचा आणि मुलांचा हक्क त्याने जातो का, हे वसुधाताईंनी सांगावं.

वसुधा_ज

पैसे बाबांनीच भरले असतील तर आपोआप जात नाही. मात्र दुसरं नाव सोयीसाठी घातलं की आईला द्यायच्याच इराद्याने, यावर वाद होऊ शकतो, आणि तो त्या वेळच्या कागदांवरून ठरतो.

मुक्ता_आर

पत्र पूर्ण केलं. क्रमाचा पर्याय सुचवला आहे: आई, दादा, मी. काकांशी बाबांनी स्वतः आधी बोलावं असं वेगळं लिहिलंय, नाव काढलेलं त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. आजीच्या वाट्याबद्दल बाबा काय ठरवतात ते अजून माहीत नाही. ते कळलं की मृत्युपत्राचं इथेच विचारते.