मदत हवी आहे: वाऱ्याचे अंश सोळा दिशांत बदलताना चार मुख्य दिशाच का फुगतात?

निशिगंध

नमस्कार. मुंबई विमानतळाच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या हवामानाच्या मेटार नोंदी घेऊन मी सोळा पाकळ्यांचा विंड रोज, म्हणजे कोणत्या दिशेचा वारा किती वेळा वाहिला याची आकृती, काढत आहे. मेटारमध्ये `27012KT` असे लिहिलेले असते, म्हणजे वारा २७० अंशांकडून, १२ नॉट वेगाने येत आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून दिशेचे नाव मिळावे म्हणून मी ३६० ला १६ ने भागले, २२.५ आले, आणि पायथनमध्ये पुढीलप्रमाणे लिहिले. `naave` या यादीत उत्तर, उत्तर-ईशान्य, ईशान्य अशी घड्याळाच्या क्रमाने सोळा नावे आहेत.

```python
if ansh == 360:
    ansh = 0
disha = naave[int(ansh / 22.5)]
```

३६० आले की यादीबाहेरचा क्रमांक मागितला जाऊन प्रोग्राम थांबत होता, म्हणून पहिल्या दोन ओळी घातल्या. आता तो शेवटपर्यंत चालतो, परंतु ३५० अंशांचा वारा ‘उत्तर-वायव्य’ आणि २० अंशांचा ‘उत्तर’ म्हणून नोंदला जातो, हे मला पटत नाही. शिवाय ऐन पावसाळ्यात, जेव्हा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून यायला हवा, तेव्हा माझ्या आकृतीत उत्तरेची पाकळी ठसठशीत दिसते. चूक नेमकी कोठे आहे?

गणिताची_वही

तुमचा भागाकार बरोबर आहे, पण प्रत्येक भाग तुम्ही दिशेच्या रेषेपासून सुरू केला आहे. उत्तर ही ० अंशाची रेषा आहे आणि तिचा भाग त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा, ११.२५ अंशांपर्यंत, पसरला पाहिजे. म्हणजे तो ३४८.७५ ला सुरू होऊन ११.२५ ला संपतो. तुमच्याकडे तो ० ते २२.५ असा एकाच बाजूला गेला आहे, त्यामुळे सगळीच चकती अर्ध्या भागाने फिरली आहे. `int` काढून `round` वापरा, काम होईल. मात्र मुख्य दिशा थोड्या मोठ्या दिसल्या तर घाबरू नका. पायथनचे `round` बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते, त्यामुळे ०.५ चे ० होते आणि १.५ चे २. सीमेवरच्या नोंदी त्यामुळे सम क्रमांकाच्या दिशांना मिळतात.

शुभांगी_नाशिक

माझाही असाच प्रश्न आहे. घराच्या मुख्य दरवाज्यात उभे राहून फोनमधील होकायंत्र पाहिले तर काल ३४७ आणि आज ३५० अंश दिसले. वास्तूच्या सोळा भागांप्रमाणे दरवाजा उत्तरेत धरायचा की उत्तर-वायव्येत?

डोलकाठी

शुभांगीताई, तुमचे दोन्ही आकडे ३४८.७५ च्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आहेत, आणि लोखंडी ग्रिल किंवा दरवाज्याच्या सळ्या जवळ असतील तर फोनचे होकायंत्र याहूनही अधिक अंशांनी भरकटते. अशा मोजणीवरून नाव ठरवता येणार नाही. दरवाज्यापासून दूर, मोकळ्यावर उभे राहून भिंतीच्या रेषेत पुन्हा मोजून पाहा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. अर्ध्या भागाच्या सरकण्याबद्दल ‘गणिताची_वही’ यांनी सांगितले ते योग्यच आहे, परंतु नुसत्या `round` ने ३५० ला उत्तर १६ येईल आणि प्रोग्राम पुन्हा थांबेल. म्हणून आधी अर्धा भाग मिळवावा, नंतर भागावे आणि शेवटी १६ ने भागून उरलेली बाकी घ्यावी:

```python
disha = naave[int((ansh + 11.25) / 22.5) % 16]
```

३५० घालून पाहा: ३६१.२५ भागिले २२.५ म्हणजे १६ पूर्णांक आणि काही अपूर्णांक. १६ ची बाकी ०, म्हणून उत्तर. ३६० सुद्धा उत्तरेतच येते, त्यामुळे तुमच्या त्या दोन ओळी काढून टाकाव्यात. त्या काढणे अत्यंत गरजेचे आहे, कारण मेटारमध्ये खऱ्या उत्तरेच्या वाऱ्याला ३६० लिहितात आणि वारा पडलेला असेल तेव्हा `00000KT` लिहितात. तुम्ही ३६० चे ० केलेत, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसू लागले, आणि ० अंशांना यादीतील पहिलेच नाव मिळत असल्याने वारा नसलेली प्रत्येक वेळ उत्तरेच्या वाऱ्यात जाऊन बसली. पावसाळ्यातील तुमची उत्तरेची पाकळी बहुतांशी तीच असावी. वेग शून्य असलेल्या नोंदी आधीच वेगळ्या काढून आकृतीच्या मधल्या वर्तुळात दाखवाव्यात, आणि बदलत्या दिशेच्या, म्हणजे `VRB` ने सुरू होणाऱ्या नोंदींना कोणतीही दिशा देऊ नये.

मुख्य दिशा फुगण्याचे कारण मात्र `round` चा नियम नव्हे. मेटारमधील दिशा दहा-दहा अंशांनी दिलेली असते, आणि ११.२५, ३३.७५ या सीमा दहाच्या पटीत येतच नाहीत. म्हणून सीमेवर बरोबर पडणारी नोंद तुमच्याकडे एकही नसेल. खरे कारण बोटांवर मोजता येते. उत्तरेच्या भागात ३५०, ३६० आणि १० असे तीन आकडे पडतात. उत्तर-ईशान्येत २० आणि ३०, ईशान्येत ४० आणि ५०, पूर्व-ईशान्येत ६० आणि ७०, असे दोन-दोनच. मग पूर्वेत ८०, ९० आणि १०० असे पुन्हा तीन. पुढेही हाच क्रम चालतो. छत्तीस आकडे सोळा कप्प्यांत सारखे वाटले जात नाहीत, म्हणून चार मुख्य दिशांना तीन आणि उरलेल्या बारा दिशांना दोन मिळतात. वारा सर्व बाजूंनी अगदी सारखा वाहिला, तरीही तुमच्या आकृतीत मुख्य दिशांच्या पाकळ्या शेजारच्यांच्या दीडपट निघतील.

निशिगंध

आपले मनापासून आभार. वारा पडलेल्या नोंदी बाजूला काढताच उत्तरेची पाकळी जवळजवळ नाहीशी झाली. पश्चिम मात्र पश्चिम-नैर्ऋत्येपेक्षा अजूनही बरीच लांब आहे. तिच्यात २६०, २७० आणि २८० येतात, तर शेजारणीत २४० आणि २५० एवढेच. यातला खरा वारा किती आणि वाटणीचा दोष किती, हे कसे ओळखावे?

डोलकाठी

मुळात २७० लिहिलेली नोंद २६५ ते २७५ मधील कोणत्याही दिशेची असू शकते, म्हणून तिच्याकडे दहा अंशांची पट्टी म्हणून पाहावे. २७० ची पट्टी सगळी पश्चिमेत राहते. २६० ची पट्टी २५५ पासून २६५ पर्यंत आहे आणि सीमा २५८.७५ ला आहे, म्हणून तिचे ३.७५ अंश पश्चिम-नैर्ऋत्येत आणि ६.२५ अंश पश्चिमेत पडतात. अशा शंभर नोंदी असतील तर ३७.५ इकडे आणि ६२.५ तिकडे द्याव्यात. २८० चेही तसेच, दुसऱ्या बाजूने. या हिशोबाने पश्चिमेला ०.६२५, १ आणि ०.६२५ मिळून २.२५ आकडे येतात, आणि ३६ भागिले १६ सुद्धा २.२५ च आहेत. प्रत्येक दिशेला तेवढेच येतील. ही वाटणी केल्यावरही पश्चिम उंच राहिली, तर तो वारा खरा समजावा.

गणिताची_वही

माझे `round` बद्दलचे अनुमान चुकले, हे मान्य आहे. पण एवढी यातायात करण्यापेक्षा मुख्य दिशांच्या संख्येला ०.७५ ने आणि इतरांना १.१२५ ने गुणले तर तेच उत्तर येईल ना?

डोलकाठी

सर्व आकडे सारखे आले तर तेच उत्तर येईल, परंतु त्यात वारा भागाच्या आत सगळीकडे सारखा पसरला आहे असे गृहीत धरले जाते. तुमच्या बहुतेक नोंदी २७० वरच असतील, तर ०.७५ ने गुणून तुम्ही पश्चिमेचा खरा वारा कापाल. पट्टी वाटण्यातही तसेच गृहीतक आहे, पण फक्त दहा अंशांपुरते. नावे सोळाच हवीत असा आग्रह नसेल, तर बारा पाकळ्या करा. तीस अंशांच्या प्रत्येक भागात बरोबर तीन आकडे येतात आणि काहीही वाटावे लागत नाही.

निशिगंध

बारा भागांना मराठीत सोयीची नावे नाहीत, म्हणून मी पट्टी वाटून सोळाच ठेवत आहे. एक शंका उरली आहे: आकृतीवर ‘उत्तर-ईशान्य’ लिहावे की ‘उत्तर-उत्तर-पूर्व’?

गणिताची_वही

‘उत्तर-ईशान्य’ लिहावे. ईशान्य हा शब्द आपल्याकडे आहे, तर उत्तर दोनदा कशाला म्हणायचे?

डोलकाठी

मी ‘उत्तर-उत्तर-पूर्व’ लिहितो. `NNE` अक्षरांशी ते एकेक जुळते, आणि यादीचा क्रम तपासताना चूक लगेच डोळ्यांत भरते. ‘पूर्व-ईशान्य’ आणि ‘उत्तर-ईशान्य’ यांची अदलाबदल माझ्या हातून एकदा झाली होती, आणि ती आठवडाभर लक्षात आली नव्हती.