गारपिटीचा इशारा आला की द्राक्षं लगेच काढावीत की थांबावं?

दिंडोरीकर (धागाकर्ता)
जिल्ह्याला परवासाठी ऑरेंज अलर्ट आहे, गारांसह पाऊस. माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. पुढच्या एकरात गोडी १७ ब्रिक्स, मागच्या एकरात १४ च्या आसपास. व्यापारी कालपर्यंत ३८ रुपये देत होता, आज ३० वर आला. शिवाय दीड एकर हरभरा सोंगून शेतातच पडलाय. मला वाटतं, इशारा आला की सगळं काढून मोकळं व्हावं. थोरले बंधू म्हणतात, थांबू. तुमचं मत सांगा.

सदूभाऊ निफाड
बंधूंशी सहमत. दरवर्षी अलर्ट येतो आणि आमच्या गावात एक थेंब पडत नाही. अलर्ट सगळ्या जिल्ह्याला असतो, पण गारांचा पट्टा दोन-चार किलोमीटर रुंद. शिवाराच्या एका बाजूला सडा आणि दुसऱ्या बाजूला ऊन, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घाबरून विकायला धावलं की फायदा फक्त व्यापाऱ्याचा. आज तो ३० म्हणतो, उद्या सगळा तालुका कात्री घेऊन उभा राहिला की २५ म्हणेल.

बागायतदार_माई
सदूभाऊ, गारांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण द्राक्षाचं नुकसान गारांनीच होतं असं कुठंय? पक्व होत आलेल्या मण्याला नुसत्या पावसानेही तडा जातो. घडावर पाणी थांबतं, साल ते शोषते, आत साखर जास्त असल्यामुळे मणी फुगतो आणि फुटतो. फुटलेल्या एका मण्याचा रस शेजारच्यांवर सांडतो आणि दोन दिवसांत घड कुजायला लागतो. हा पाऊस गारांपेक्षा कितीतरी मोठ्या भागावर पडतो. म्हणून गार माझ्या बागेत पडेल का, यापेक्षा पाऊस पडेल का, असं विचारा.

दादा, तुमच्या दोन एकरांना एकच निर्णय लावू नका. १४ ब्रिक्सची द्राक्षं तोडून काही मिळणार नाही, कारण द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. केळी किंवा आंबा काढल्यावर घरात पिकतो, हे घड आंबटच राहतील. तो एकर सोडा. विचार करायचा तो पुढच्या एकराचा, आणि तो हिशेबाने करा.

समजा एकरी १०० क्विंटल माल आहे. आज ३० ने दिला तर ३ लाख. थांबलात आणि काही झालं नाही, तर ३८ ने ३ लाख ८० हजार. थांबलात आणि मणी तडकले, तर तो माल १० रुपयांनीही कुणी घेईल की नाही, पण धरू या १ लाख. म्हणजे आज विकलं तर ८० हजार सोडता, थांबलात तर २ लाख ८० हजारांचा धोका. नुकसानीची शक्यता सातात दोनपेक्षा जास्त वाटत असेल तर काढा, कमी वाटत असेल तर थांबा. व्यापारी भाव आणखी पाडेल तसं हे गणित बदलेल. २५ वर आला तर मीही थांबले असते.

आणि गोडी एकाच घडाची मोजू नका. वरचा, मधला आणि टोकाचा मणी घ्या, टोकाचा नेहमी मागे असतो. वरच्या मण्यावर १७ आले असतील तर टोकाला १५ सुद्धा निघतात.

तासगावचा_भाऊ
आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये रॅकवर आहे, माल पाच दिवसांचा. आमचं काय करायचं? बाजूचे पडदे सोडले की आत दमट हवा कोंडते आणि मनुका काळा पडतो. उघडे ठेवले तर पाऊस आत येतो. गेल्या खेपेला भाव निम्मा झाला.

बागायतदार_माई
भाऊ, पावसाच्या बाजूचा पडदा पूर्ण सोडा, विरुद्ध बाजू उघडी ठेवा. पाऊस थांबला की सगळे वर करा, रात्रभर बंद ठेवू नका. तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याचा वेगळा धागा काढलात तर तासगावचे लोक नीट सांगतील.

कृषिमित्र_रोहन
पावसाच्या आधी एक चांगलं बुरशीनाशक मारा, मग चिंता नाही.

बागायतदार_माई
रोहन, अर्धं बरोबर. लहान मण्यांच्या बागेत डावणीसाठी आधी फवारणी चालते. काढणीला आलेल्या बागेत औषध आणि काढणीमधले दिवस पाळावे लागतात, नाहीतर अंश राहतो आणि निर्यातीचा माल परत येतो. शिवाय मणी तडकणं कुठल्याच फवारणीने थांबत नाही. पाऊस थांबल्यावर ब्लोअरने किंवा तारा हलवून घडातलं पाणी झाडायचं, फुटलेले घड कापून बागेबाहेर न्यायचे. ओले घड मात्र पॅक करायचे नाहीत.

सदूभाऊ निफाड
हिशेब मान्य. पण माई, शक्यता कोण सांगणार? सातात दोन की सातात एक, हे मला कळायचं कसं?

बागायतदार_माई
नेमकं कुणालाच कळणार नाही. पण इशारा दोन दिवस आधीचा असतो आणि ढग तयार होतात त्या दिवशी दुपारनंतर. हवामान विभाग तीन तासांचा तातडीचा अंदाज वेगळा देतो, तो बघा. दामिनी अॅप जवळ वीज पडतेय का ते दाखवतं. तोपर्यंत काढणीला वेळ नसतो हे खरं, पण हरभरा झाकायला, मजूर आणि जनावरं आत घ्यायला पुरेसा असतो.

दिंडोरीकर
हरभऱ्याचं राहिलंच. आज मजूर चारच मिळाले. आधी हरभरा की द्राक्ष?

माळरान_काका
हरभरा आधी. सोंगलेला हरभरा भिजला की दाणा काळा पडतो, नाहीतर घाट्यातच कोंब येतो. आज ओळी गोळा करून उंचवट्यावर छोट्या सुड्या करा, खाली पाचट किंवा फळ्या टाका. ताडपत्री आज टाकायची घाई करू नका, ढग दिसले की टाका, नाहीतर आत वाफ धरते. पाऊस गेला की लगेच काढा. चार माणसं दुपारपर्यंत मोकळी होतील, मग द्राक्षाकडे वळवा. आणि विमा असेल तर आधी कागद वाचा. फळबागेला गारपिटीचं संरक्षण जास्तीचा हप्ता भरला तरच मिळतं, आणि कळवायला ७२ तासच असतात.

सदूभाऊ निफाड
काका, विमा काढलाय की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सरकारी मदतीलाही ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. तुम्ही पुढचा एकर काढला आणि मागचा गारांनी गेला, तर पंचनामा कसा होणार?

माळरान_काका
मागच्या एकराचा वेगळा. काढलेल्या मालाच्या पावत्या जपा, आणि मागच्या एकराचे फोटो आजच काढून ठेवा, पाऊस पडण्याआधीचे.

निळकंठ_हिल्स
गारा फोडणारी तोफ का घेत नाहीत सगळे मिळून? हिमाचलमध्ये सफरचंदवाले वापरतात.

बागायतदार_माई
वापरतात, पण तोफेच्या आवाजाने गारा थांबतात याला शास्त्रीय आधार नाही. जागतिक हवामान संघटनेचंही तेच म्हणणं आहे. तेच पैसे जाळीला लावा. जाळी मात्र उतार देऊन बांधा. सपाट बांधली तर गारा साचून वजनाने खांबासकट खाली येते.

कृषिमित्र_रोहन
एक विचारतो. पावसाआधी बागेला पाणी द्यावं की तोडावं? आमच्याकडे दोन्ही सांगतात.

बागायतदार_माई
माझा अनुभव, मुळं कोरडी आणि वरून एकदम पाऊस, तर तडे जास्त जातात. म्हणून मी ठिबक अगदी बंद करत नाही, नेहमीपेक्षा थोडं कमी देते. पण भारी काळ्या जमिनीत याच्या उलट बघितलेले लोक आहेत.

सदूभाऊ निफाड
मी पूर्ण तोडतो आणि दोनदा वाचलोय. माझी जमीन भारी काळी.

दिंडोरीकर
पुढच्या एकरात टोकाचा मणी मोजला, १६. बंधूंना हिशेब वाचून दाखवला. ते अर्धा एकर द्यायला तयार झाले, तेही ३२ मिळाले तर. व्यापाऱ्याला फोन लावतोय. हरभरा गोळा होतोय.