किमान अँड्रॉइड १४: फोन माझा, आकडा कंपनीचा

मंदार, बावधन
आमच्या कंपनीनं सोमवारपासून अँड्रॉइड १४ च्या खालच्या सगळ्या फोनवर ऑफिसचं मेल बंद केलं. फोन स्वतःचा असला तरी. माझ्या मते बरोबर केलं. जुना फोन वापरायचा आणि वर रडायचं, हे कुठंतरी थांबायला हवं. पटतंय का?

अनघा
नाही पटत. आणि ‘रडायचं’ वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांब लिहिते. सहा वर्षं मी आमच्या कंपनीत फोनचे नियम लावायचं हेच काम करते. आमच्याकडे नऊशेच्या आसपास फोन आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त लोकांच्या स्वतःच्या खिशातून आलेले.

चाकणला मशिनं बघायला जाणाऱ्या आमच्या दोन मुलांचं उदाहरण घ्या. एकाच्या फोनवर अँड्रॉइड १३, पण सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, `2025-06-01` पर्यंतच्या. दुसऱ्याच्या फोनवर अँड्रॉइड १४, पॅच `2024-09-01`, कारण बनवणाऱ्यानं त्या मॉडेलकडे बघणंच सोडलंय. तुमच्या नियमानं पहिला बाहेर आणि दुसरा आत. प्रत्यक्षात नऊ महिन्यांत जगजाहीर झालेली भोकं दुसऱ्याच्या फोनमध्ये तशीच उघडी आहेत, आणि पहिल्याची जूनपर्यंतची बुजवलेली.

१२ आणि त्याखालचे बंद केले असते तर मी गप्प बसले असते. मार्च २०२५ नंतरच्या गूगलच्या मासिक बुलेटिनमध्ये १२ चं नाव नाही. १३ चं २०२५ मध्ये होतं. मग १४ हा आकडा आला कुठून? गोल वाटला म्हणून?

मंदार, बावधन
ठीक आहे, मग आवृत्ती सोडा आणि पॅच ३० दिवसांच्या आतला हवा असा नियम लावा. सोपं आहे.

अनघा
अर्धं बरोबर. तारखेवर नियम लावायचा हे खरं, ३० दिवस हे कागदावरचं. गूगल पॅच काढतं, मग फोन बनवणारा तो आपल्या मॉडेलला बसवतो, मग तो टप्प्याटप्प्यानं फोनवर येतो. पंधरा-अठरा हजारांच्या बऱ्याच फोनना पॅच तीन महिन्यांतून एकदाच मिळतो. वर जुलै २०२५ च्या बुलेटिनमध्ये पॅचच नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला तुमच्या नियमात कोण पास झालं असतं, सांगा.

मी स्वतः एकदा किमान तारीख म्हणून `2025-06-05` टाकून बसले होते. प्रत्येक महिन्याला दोन तारखा असतात, ०१ आणि ०५. ०५ मध्ये कर्नल आणि चिपवाल्यांच्या दुरुस्त्याही येतात, म्हणून मला वाटलं कडक लावू. काही कंपन्या पूर्ण अपडेट देऊनही ०१ च लिहितात. सकाळी साडेनऊला अर्धा डॅशबोर्ड लाल! चार दिवसांच्या फरकानं, तेही नुसत्या लिहिण्याच्या. आता आम्ही ०१ च लावतो, चार महिने मागची, आणि पहिले २१ दिवस फक्त सूचना जाते.

शिरीष, सदाशिव पेठ
हे सगळं ठीक, पण कंपनीनं आमचे फोटो पुसले तर जबाबदार कोण? २०१६ साली नोकरी सोडली आणि दुसऱ्या दिवशी माझा अख्खा फोन कोरा. भाचीच्या मुंजीचे फोटो गेले. तेव्हापासून ऑफिसचं काहीही फोनवर घेत नाही.

अनघा
काका, तुमचं तेव्हाचं खरं असणार. फोनच्या मेल ॲपमध्ये ऑफिसचं खातं थेट टाकलं, की ॲडमिनच्या एका बटणानं अख्खा फोन पुसता यायचा. आता स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल असतं, ती छोट्या ब्रीफकेसची खूण असलेली ॲप्स. पुसलं तर तेवढंच जातं. तुमचे फोटो मला दिसतही नाहीत. पण आजचा वाद त्याचा नाही.

शिरीष, सदाशिव पेठ
वाद कशाचा हे मुंजीचे फोटो परत आल्यावर ठरवू.

विनायक, भोसरी
सगळे अपडेट करा, अपडेट करा म्हणताय. मी केलं. ऑफिसच्या नोटिशीमुळेच केलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला वॉरंटी संपली, स्क्रीन बदला, साडेआठ हजार. फोन घेतला होता एकोणीस हजारांना. ऑफिसनं हात वर केले.

दुर्वा
सेम! माझी गुलाबी. आता दोन झाल्यात.

मंदार, बावधन
रेघ सॉफ्टवेअरमुळे येत नाही हो. डिस्प्लेची पट्टी आधीच कमजोर झालेली असते.

विनायक, भोसरी
तुम्ही डिस्प्लेचे डॉक्टर का? तीन वर्षं कमजोर नव्हती, नेमकी अपडेटच्या रात्री झाली?

दुर्वा
अपडेट करताना फोन केवढा तापतो, चार्जिंगला असतो, त्यानंच होत असेल. आमच्या टीममध्ये तिघांना आली.

मंदार, बावधन
तिघांना आली म्हणजे सिद्ध झालं का? मी पाच वर्षं दर महिन्याला अपडेट करतोय, मला नाही आली.

विनायक, भोसरी
येईल. तेव्हा बोलू.

अनघा
रेघेचं कारण मी सांगू शकत नाही, आणि इथं कुणीच सांगू शकत नाही. पण विनायक म्हणतात त्यात एक मुद्दा आहे, नाइलाजानं मान्य करते. कंपनीच्या फोनवर मी अपडेट रात्री २ ते ४ मध्ये लावू शकते, पुढे ढकललं तरी ३० दिवसच ढकलता येतं, आणि फोन बिघडला तर तो कंपनीचा. स्वतःच्या फोनवर मी अपडेट टाकूच शकत नाही. दार बंद करते आणि माणसाला म्हणते, आता तूच कर. धोका त्याच्या खिशाला. हे आमच्या धोरणात कुठंच लिहिलेलं नाही.

रेश्मा, वाघोली
मला कुणी सांगेल का? माझ्या फोनवर ऑगस्ट २०२५ दिसतंय आणि तरी मेल बंद. आयटीवाला म्हणतो तुमचा फोन जुना.

अनघा
ऑगस्ट कुठं दिसतंय? सेटिंगमध्ये दोन तारखा एकाखाली एक असतात. `Google Play system update` ची तारीख बघत असाल तर ती वेगळी, ती प्ले स्टोअरकडून येते. आम्ही तपासतो ती `Security update` ची. दुसरं, अपडेट आजच केलं असेल तर ऑफिसचं `Company Portal` ॲप उघडून स्थिती पुन्हा तपासा. फोननं नवी तारीख कळवेपर्यंत दार बंदच राहतं.

रेश्मा, वाघोली
बघितलं. प्लेचीच होती ती. दुसरी जानेवारी २०२५. नवीन अपडेट शोधलं तर ‘फोन अद्ययावत आहे’ म्हणतो. चौदा हजारांचा फोन, घेऊन तीन वर्षं झाली. म्हणजे आता काय, नवा घ्यायचा? पगारात मोबाइलचे महिना तीनशे मिळतात.

मंदार, बावधन
म्हणूनच म्हणतो, स्वस्त फोन घेऊ नयेत. आयफोन घ्या.

अनघा
आयफोनला आवृत्ती पुरते, कारण पॅच देणारा एकच. पण तिथंही कुणी ‘किमान iOS 17’ लिहिलं की आयफोन एक्स बाहेर, तो १६ च्या पुढे जातच नाही. रेश्माताई, तुमच्या फोनला मी पास करणार नाही. खरंच धोका आहे. पण महिना तीनशेत कंपनीनं तुमच्याकडून नवा फोन मागावा हेही मला पटत नाही. आमच्याकडे अशा लोकांना कपाटातले जुने कंपनीचे फोन दिले, अकरा होते, ते संपले. पुढचं एचआरला विचारलंय. उत्तर नाही.

मंदार, बावधन
मी माझाही बघितला आत्ता. अँड्रॉइड १५. पॅच डिसेंबर २०२४.

शिरीष, सदाशिव पेठ
मंदारराव, रडू नका.