मदत हवी आहे: रिव्ह्यूमधली शिवी काढायची पण तक्रार ठेवायची

आमच्या साईटवर आलेले रिव्ह्यू पब्लिश करायच्या आधी मी तपासते. काल किटलीचा एक आला, एक स्टार: "हरामखोरांनो, तिसऱ्याच दिवशी झाकण तडकलं, उकळतं पाणी हातावर सांडलं, कस्टमर केअरचा गाढव फोनच उचलत नाही, किटली एकदम भिकार, सगळे चोर आहात."

पहिला शब्द उडवला, तिथे [...] टाकलं म्हणजे काहीतरी काढलंय हे वाचणाऱ्याला कळेल. "गाढव" काढून नुसतं "कस्टमर केअरवाला" ठेवलं, कारण फोन न उचलणं हीच खरी तक्रार. "भिकार" तसाच ठेवला, तो वस्तूला म्हटलाय, माणसाला नाही. स्टार आणि हात भाजल्याच्या वाक्याला तर हातच लावला नाही, आधी एकदा दुसऱ्या एका रिव्ह्यूत मी असंच वाक्य मवाळ करून "झाकण नीट नव्हतं" एवढंच ठेवलं होतं आणि लिहिणारा भडकला, बरोबरच होतं त्याचं.

अडलंय ते "चोर" वर. शिवी म्हणून काढू, की पैसे परत दिले नाहीत असं त्याला म्हणायचंय? तसं स्वतःहून लिहिलं तर ते माझे शब्द त्याच्या नावावर जातील ना. त्याला परत पाठवून विचारू का? तोवर रिव्ह्यू अडकून राहतो, आणि एक स्टारवाले मुद्दाम दाबतात असं वाटणार. तुम्ही काय करता?