‘इतर’ अशी सही करणाऱ्याचे मत: उत्तर आयर्लंडमधील सत्तावाटपावर चर्चा

अनघा, दादर
आमच्या वाचनगटात उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998च्या बेलफास्ट कराराविषयी वाचन चालू आहे. तिथे ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे, बहुतेक प्रोटेस्टंट असलेले युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे, बहुतेक कॅथलिक असलेले नॅशनलिस्ट असे दोन समाज आहेत. ज्या दोन समाजांचा एकमेकांवर विश्वासच उरलेला नाही, त्यांच्यात मंत्रिपदे आणि नकाराधिकार समाजानुसार वाटून देणे हा तोडगा म्हणायचा, की त्याने दुखणे कायमचे होते? दोन्ही बाजूंनी मते यावीत.

मकरंद, ठाणे
माझ्या मते हा तोडगाच आहे, आणि त्याबद्दल उगीच शंका काढली जाते. दहावीच्या नागरिकशास्त्रात आपण बेल्जियमचे उदाहरण शिकलो. तिथे डच भाषिक आणि फ्रेंच भाषिक मंत्र्यांची संख्या सारखी ठेवली आणि देश एकत्र राहिला. उत्तर आयर्लंडमध्येही दोन्ही समाज सरकारात आले. नकाराधिकाराची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण तो भाषा, ध्वज, शाळा अशा समाजाच्या अस्मितेच्या प्रश्नांपुरताच असतो. रोजचा कारभार बहुमतानेच चालतो.

सुधीर, विलेपार्ले
मकरंद, मंत्रिमंडळाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण नकाराधिकाराबद्दलचे शेवटचे वाक्य मान्य करता येत नाही. मी बरीच वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले, आणि विद्यार्थ्यांचा हाच गैरसमज मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावा लागला.

बेलफास्टच्या विधानसभेत निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला पहिल्या बैठकीत नोंदवहीत सही करताना आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की ‘इतर’ हे लिहावे लागते. कोणत्याही तीस सदस्यांनी ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ नावाचा अर्ज दिला, की त्या ठरावाला साधे बहुमत पुरत नाही. दोन्ही समाजांच्या सदस्यांचा वेगवेगळा पाठिंबाही मोजला जातो. विषय कोणता असावा यावर मूळ नियमात बंधन नव्हते. 2 नोव्हेंबर 2015 रोजी समलिंगी विवाहाचा ठराव 53 विरुद्ध 52 मतांनी जिंकला आणि तरीही पडला, कारण अडतीस सदस्य असलेल्या डीयूपी या एकट्या युनियनिस्ट पक्षाने तसा अर्ज दिलेला होता. हा प्रश्न युनियनिस्ट समाजाच्या अस्तित्वाचा होता, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल का? एका समाजाचे संरक्षण म्हणून दिलेले हत्यार एका पक्षाच्या हाती गेले. 2020च्या समझोत्यात सह्या किमान दोन पक्षांच्या असाव्यात असे ठरले आणि 2022मध्ये तसा कायदा झाला, म्हणजे हा दोष तिथल्या लोकांनीही मान्य केला.

मला मात्र त्याहून खोल दोष त्या सहीत दिसतो. जो सदस्य ‘इतर’ लिहितो, त्याचे मत एकूण बेरजेत धरले जाते, पण दोन्ही समाजांची जी खरी कसोटी असते तिथे त्याला जागाच नसते. ‘मी या भांडणात कोणत्याही बाजूचा नाही’ असे सांगून निवडून आलेल्या माणसाचे वजन निर्णायक क्षणी शून्य होते.

शरद, परळ
विषय आरक्षणाचा आणि पदवाटपाचा आहे, म्हणून आमच्या सोसायटीचा अनुभव लिहितो. पुनर्विकासानंतर आमच्याकडे जुन्या भाडेकरूंची रिहॅब विंग आणि नव्या फ्लॅटधारकांची सेल विंग अशा दोन इमारती झाल्या. पहिल्या सभेत इतकी खडाजंगी झाली, की अध्यक्ष एका विंगचा, सचिव दुसऱ्या विंगचा आणि दोघांच्या सह्यांशिवाय चेक निघणार नाही, असे ठरवून टाकले. पहिले वर्ष शांततेत गेले. नंतर रिहॅब विंगची लिफ्ट बंद पडली, तेव्हा सेल विंगच्या सचिवांनी ‘आधी आमच्या पार्किंगचा हिशेब द्या’ म्हणून सही अडवली. दोन महिने सत्तरी उलटलेली माणसे सातव्या मजल्यावर जिने चढून जात होती. माझी आईही त्यांच्यात होती. तळमजल्यावरच्या चार गाळेधारकांना तर कोणत्याच विंगमध्ये धरले नाही, त्यामुळे त्यांचा माणूस समितीत कधी आलाच नाही. माझे म्हणणे एवढेच, की पात्रता बघून माणसे निवडावीत, वाटणी करू नये.

रेश्मा, माहीम
शरदराव, तुमच्या आईंना जो त्रास झाला तो अक्षम्य आहे. पण प्रश्न पात्रतेचा किंवा आरक्षणाचा नाही. तुमच्या सोसायटीत वाटणी केली नसती, तर ज्या विंगचे सभासद जास्त त्यांनी दोन्ही पदे घेतली असती आणि दुसऱ्या विंगची लिफ्ट दोन महिने नव्हे, दोन वर्षे बंद राहिली असती. उत्तर आयर्लंडमध्ये 1921 ते 1972 नेमके हेच झाले. पन्नास वर्षे एकाच पक्षाचे सरकार होते आणि प्रत्येक निवडणूक बहुमतानेच जिंकलेली होती.

डेरी शहराचे उदाहरण घ्या. तिथे कॅथलिकांची वस्ती जास्त होती, पण महापालिकेत बारा युनियनिस्ट आणि आठ नॅशनलिस्ट निवडून येत. शहराचे तीन प्रभाग पाडले होते. बहुतेक सगळे कॅथलिक एका दक्षिण प्रभागात कोंबून त्याला आठ जागा दिल्या आणि उरलेल्या दोन प्रभागांना मिळून बारा. त्यात पालिकेच्या निवडणुकीत मत ज्याच्या नावावर घर किंवा भाडेकरार असे त्याला आणि त्याच्या जोडीदारालाच मिळे, म्हणून कॅथलिक कुटुंबाला पालिकेचे घर देणे म्हणजे विरोधकाला मत देणे होते. घरवाटपही त्याच हिशेबाने होई. या अन्यायातून 1968ची आंदोलने पेटली आणि पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. जे लोक इतके सोसून आले होते, त्यांना ‘आता बहुमतावर विश्वास ठेवा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? नकाराधिकार दिला नसता, तर नॅशनलिस्ट सभागृहात आलेच नसते. सुधीर सरांनी दोष दाखवले, पण 1998मध्ये दुसरा कोणता पर्याय टेबलावर होता, ते सांगितलेले नाही.

सुधीर, विलेपार्ले
रेश्माताई, डेरीचा इतिहास मला मान्य आहे, आणि नकाराधिकाराशिवाय करार झाला नसता हेही मान्य आहे. माझा आक्षेप सत्तावाटपाला नाही, ते माणसांवर लेबल लावून करण्याला आहे. या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध अभ्यासक आरेंड लायपहार्ट यांनीसुद्धा पुढे म्हटले, की कोणता समाज वाटेकरी हे कायद्याने आधीच ठरवण्यापेक्षा मतदारांना ठरवू द्यावे. बेलफास्टमध्ये मंत्रिपदांचे वाटप याच रीतीने होते. द’हॉन्ट नावाच्या सूत्राने, पक्षांच्या जागांच्या प्रमाणात, पाळीपाळीने खाती निवडली जातात आणि तिथे कोणाला धर्म किंवा निष्ठा विचारत नाहीत. लेबल लागते ते मतदानात.

ते लेबल काय करते, हे नोव्हेंबर 2001मध्ये दिसले. आयआरए ही नॅशनलिस्ट बाजूची सशस्त्र संघटना शस्त्रे टाकत नाही म्हणून युनियनिस्ट प्रथम मंत्री डेव्हिड ट्रिंबल यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला होता. ऑक्टोबरमध्ये शस्त्रे निकामी करण्यास सुरुवात झाली आणि 2 नोव्हेंबरला त्यांची फेरनिवड मतदानाला आली. मतदान करणाऱ्या सत्तर टक्क्यांहून जास्त सदस्यांनी होकार दिला. एकाही नॅशनलिस्ट सदस्याने विरोध केला नाही. पण युनियनिस्ट गटात 29 बाजूने आणि 30 विरोधात अशी मते पडली आणि या निवडीला दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत लागत असल्यामुळे त्या एका मताने सरकार अडले. अलायन्स पक्षाचे सदस्य ट्रिंबल यांच्याच बाजूने होते, तरी ते ‘इतर’ असल्यामुळे त्यांचा उपयोग झाला नाही. मग त्यांच्यातल्या तिघांनी नोंदवहीत आपली ओळख बदलून काही दिवसांपुरते ‘युनियनिस्ट’ लिहिले. 6 नोव्हेंबरला 31 विरुद्ध 29 मतांनी ट्रिंबल निवडून आले. ज्यांचा सारा पक्षच ‘आम्ही दोन्हींपैकी कोणी नाही’ या भूमिकेवर उभा होता, त्यांना शांतता वाचवण्यासाठी स्वतःची भूमिका खोडावी लागली. पुढे कायदाच असा झाला, की पक्ष बदलल्याशिवाय सदस्याला ओळख बदलता येत नाही. म्हणजे ती एक फटही बुजवली.

मकरंद, ठाणे
नकाराधिकाराच्या व्याप्तीबद्दल मी चुकलो, हे मान्य. पण शरदरावांच्या गोष्टीतले ते चार गाळेधारक वाचून मला अलायन्स पक्षच आठवला. दोन विंगची वाटणी करताना तिसरा कोणी असतो, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

सुधीर, विलेपार्ले
अगदी नेमके पकडलेत. पर्यायाचे विचाराल, तर तो आपल्या घरचाच आहे. 1932च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि जागा 71 होत्या. येरवड्याला झालेल्या पुणे कराराने 148 राखीव जागा दिल्या, पण मतदारसंघ संयुक्त ठेवला. समाजाची जागा पक्की, पण निवडून येण्यासाठी उमेदवाराला इतरांची मतेही मागावी लागतात. अभ्यासक डोनाल्ड हॉरोविट्झ यांची सत्तावाटपावरची टीका हीच आहे, की नेत्याला दुसऱ्या समाजाच्या मताची गरज वाटेल अशी निवडणूक रचा, म्हणजे तो मवाळ होईल. आज बेलफास्टमधल्या नेत्याला फक्त स्वतःच्या समाजातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त कडक दिसायचे असते. 2003मध्ये दोन्ही समाजांतले मवाळ पक्ष मागे पडून डीयूपी आणि आयआरएशी जोडलेला नॅशनलिस्ट पक्ष शिन फेन पुढे आले, ते उगीच नव्हे.

रेश्मा, माहीम
सर, पुणे कराराचे दुसरे टोकही सांगायला हवे. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्य समाजाचा कोणता माणूस निवडून येणार, हे बहुसंख्य समाजाची मते ठरवतात. डॉ. आंबेडकरांनी पुढे हाच आक्षेप वारंवार घेतला, की समाजाचा खरा प्रतिनिधी मागे राहतो आणि बहुसंख्यांना सोयीचा माणूस पुढे येतो. 1998मध्ये बेलफास्टला तसे केले असते, तर शिन फेन बाहेर राहिला असता. बंदुका ज्यांच्या शब्दाने खाली ठेवल्या जाणार होत्या, तेच आत नसतील, तर मवाळ सरकार कोणाशी समझोता करणार होते?

मला खरा धोका लेबलपेक्षा दुसरीकडे दिसतो. प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री ही जोडपदे आहेत. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचे पद आपोआप जाते. मार्टिन मॅकगिनेस यांनी जानेवारी 2017मध्ये हीटिंग अनुदानाच्या घोटाळ्यावरून राजीनामा दिला आणि सरकार तीन वर्षे बंद राहिले. फेब्रुवारी 2022मध्ये डीयूपीने ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारी नियमांवरून तेच केले आणि पुन्हा दोन वर्षे गेली. शरदरावांच्या लिफ्टसारखे दवाखान्यांच्या रांगांचे आणि शिक्षकांच्या पगाराचे निर्णय अडून राहिले. राजीनाम्याने सगळे घर बंद पडणार नाही, एवढी दुरुस्ती आधी करा; लेबलचे नंतर पाहता येईल.

शरद, परळ
मी विषय आरक्षणाचा समजलो होतो, आता कळले. आमच्याकडे शेवटी लिफ्ट दुरुस्त झाली ती गाळेधारकांपैकी एकाने स्वतःच्या खिशातून आगाऊ पैसे भरल्यामुळे. त्याच्यावर दोन्ही विंगचा विश्वास होता, कारण त्याला कोणाकडूनच काही मिळवायचे नव्हते.

सुधीर, विलेपार्ले
शरदराव, बेलफास्टलाही नेमके असेच घडले आहे. पोलीस आणि न्यायालये ज्याच्याकडे जातात ते न्याय खाते दोन्ही बाजूंना एकमेकांच्या हाती द्यायचे नव्हते, म्हणून ते द’हॉन्टच्या यादीबाहेर ठेवून दोन्ही समाजांच्या संमतीने मंत्री निवडायचे ठरले. 2010मध्ये ते अलायन्सच्या डेव्हिड फोर्ड यांच्याकडे गेले, 2020मध्ये त्याच पक्षाच्या नेओमी लाँग यांच्याकडे. रेश्माताई, जोडपदांची दुरुस्ती आधी हवी, हे मी मान्य करतो. पण 2022मध्ये नव्वदपैकी सतरा जागा मिळवून अलायन्स तिसरा मोठा पक्ष झाला आहे, तेव्हा लेबलचा प्रश्न ‘नंतर’ म्हणून किती काळ ठेवता येईल, हे मला दिसत नाही.

रेश्मा, माहीम
सतरांना न्याय द्यावा हे मान्य, पण उरलेल्या त्र्याहत्तरपैकी बहात्तर जागा अजून दोन बाजूंच्याच आहेत. लेबल काढले आणि उद्या त्यांतली एक बाजू पुन्हा अल्पमतात गेली, तर तिच्या हाती काय उरेल, हे कोणीतरी आकड्यांत मांडून दाखवावे.

अनघा, दादर
रविवारच्या बैठकीला 2001च्या 2 आणि 6 नोव्हेंबरच्या मतदानाची आकडेवारी फळ्यावर मांडते. लेबल काढून एकूण मतांच्या 60 टक्क्यांची अट ठेवली असती तर त्या दोन दिवशी, आणि 2015च्या त्या ठरावाचे, काय झाले असते, हे आपण मोजून पाहू. सुधीर सर, तुम्ही आणि रेश्माताई दोघेही याल ना?