‘टू हेवी’चं ‘सो हेवी’ करताना शेवटी ‘इट’ कुठून आला?

वृंदा: मुलाच्या सराव-पेपरात वाक्य होतं, ‘द बॉक्स वॉज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट’. अर्थ न बदलता ‘सो… दॅट’ वापरायचं. त्यानं लिहिलं, ‘द बॉक्स वॉज सो हेवी दॅट आय कॅननॉट लिफ्ट’. अर्धे गुण गेले. नकार आणला, ‘फॉर मी’चं ‘आय’ केलं, मग चुकलं कुठे?

शिरीष: काळ चुकलाय. मुळात ‘वॉज’ आहे, म्हणजे ‘कुड नॉट’ हवं. बाकी बरोबर आहे.

अण्णा: बाकी बरोबर नाही, शिरीष. शेवटी ‘इट’ राहिलाय. मूळ वाक्यात उचलायची वस्तू सुरुवातीलाच येऊन गेली, म्हणून ‘लिफ्ट’नंतर जागा रिकामी ठेवतात. ‘दॅट’नंतर मात्र नवं वाक्य सुरू होतं आणि त्याला स्वतःचं कर्म लागतं. आपली मुलं इथे हमखास अडकतात, कारण मराठीत आपण ‘पेटी इतकी जड होती की मला उचलता आली नाही’ म्हणतो. ‘ती’ म्हणावं लागत नाही, ‘आली’वरूनच कळतं. वृंदाताई, मुलाला ‘दॅट’नंतरचा तुकडा एकटाच वाचायला सांगा. ‘आय कुड नॉट लिफ्ट’ म्हटल्यावर ‘काय?’ असा प्रश्न उरला, की ‘इट’ घालायचा. ‘ही वॉज टू टायर्ड टू वॉक’मध्ये तसा प्रश्न उरत नाही, तिथे घालायचा नाही.

केतकी: आम्हाला ‘सो दॅट’ म्हणजे ‘जेणेकरून’ असं शिकवलं होतं. ‘पेटी जड होती, जेणेकरून मी उचलू शकलो नाही’ हे विचित्रच वाटतं!

अण्णा: तो सलग लिहिलेला ‘सो दॅट’, हेतू सांगणारा. इथे दोन्ही शब्दांच्या मध्ये ‘हेवी’ बसलाय, म्हणून ‘इतकी… की’.

वृंदा: आत्ता कळलं. आणि हेच ‘इनफ’ वापरून करायचं असेल तर?

शिरीष: ‘नॉट हेवी इनफ टू लिफ्ट’.

अण्णा: मग पेटी उचलायला पुरेशी जड नव्हती असं झालं! ‘नॉट’ आणलं की विशेषणही उलटं करायचं: ‘नॉट लाइट इनफ फॉर मी टू लिफ्ट’. मराठीत म्हणून बघ, ‘मला उचलण्याइतकी हलकी नव्हती’. आणि इथे पुन्हा ‘इट’ नको.

शिरीष: हो, हे चुकलंच माझं. पण एक शंका राहते. ‘ही इज टॉल इनफ टू रीच द शेल्फ’ म्हणजे हात पुरेल एवढी उंची आहे, बस. ‘सो टॉल दॅट ही कॅन रीच इट’ म्हटलं की तो चांगलाच उंच आहे असं वाटतं. मग अर्थ तोच कसा?

अण्णा: पेपरात हे उत्तर बरोबर धरतात. पण तुझं म्हणणं मला पटतं. फळी खाली असेल तर बुटका माणूसही ‘टॉल इनफ’ असतो.

केतकी: मला नाही पटत. ‘सो’ तिथे फक्त प्रमाण सांगतो, कौतुक नाही करत.