चर्चा : उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापन नेमके कुठे मोडते?

मृणाल (प्रश्न): नियोजन आणि नियंत्रणाच्या प्रकरणासाठी मी उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापनावर टिपण लिहिते आहे. पायऱ्या जमल्या, पण मर्यादांमध्ये ‘वेळखाऊ’ आणि ‘कागदपत्रे फार’ यापलीकडे काही सुचत नाही. खरी अडचण कुठे येते?

सुधाकर: माझ्या मते पद्धतीत दोष नाही, माणसांत आहे. वरून उद्दिष्ट ठरते, विभागांत वाटले जाते, प्रत्येकाच्या वाट्याला एक आकडा येतो आणि वर्षाअखेरीस त्या आकड्यावर बढती किंवा वेतनवाढ ठरते. आकडा स्पष्ट असेल, तर तक्रारीला जागा उरत नाही.

वसुधा: सुधाकरराव, तुमचा क्रम अर्धाच बरोबर आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा उद्दिष्टांच्या जोडीला आत्मनियंत्रणही होते. संस्थेचे उद्दिष्ट वरून येते हे खरे. परंतु त्यातला आपला वाटा किती, हे कनिष्ठाने आधी स्वतः मांडायचे, वरिष्ठाशी चर्चा करून ते पक्के करायचे, त्यासाठी लागणारी साधने आणि कृतियोजना लिहून घ्यायची आणि ठरावीक काळाने दोघांनी मिळून आढावा घ्यायचा, असा तो क्रम आहे. वर्षाअखेरचे मूल्यमापन पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टांचा आधार बनते.

मृणाल, मर्यादांसाठी एक काल्पनिक उदाहरण घ्या. कारखान्यातील भांडारप्रमुख सुट्या भागांचा साठा ४५ दिवसांच्या वापराइतका होता तो ३० दिवसांवर आणण्याचे मान्य करतो. त्याची योजना अशी, की पुरवठादारांकडून माल लहान खेपांत वरचेवर मागवायचा. पहिल्या तिमाहीत साठा जेमतेम ४२ दिवसांवर येतो, कारण खरेदी विभागाचे उद्दिष्ट कमीत कमी दर मिळवण्याचे आहे आणि असा दर एकगठ्ठा मागणीलाच मिळतो. दोघांचीही उद्दिष्टे आपापल्या वरिष्ठांशी नीट ठरलेली आहेत, मात्र ती एकमेकांना छेद देतात, हे कोणत्याच बैठकीत पुढे येत नाही. बैठका वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा जोड्यांतच होतात, पद्धतीची वीणच तशी उभी आहे.

आता वेतनवाढ त्या आकड्यावर असेल, तर भांडारप्रमुख शेवटच्या तीन आठवड्यांत मागण्याच थांबवतो. अखेरच्या दिवशी आकडा ३० दिसतो आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा ४० च्या वर जातो. मधल्या काळात एक बेअरिंग नसल्यामुळे यंत्र बंद पडते, पण तो तोटा उत्पादन विभागाच्या नावावर चढतो. हे ओळखायचे असेल, तर अखेरच्या दिवसाचा साठा वर्षभराच्या सरासरीशी ताडून पाहावा आणि मागितलेला भाग भांडारात किती वेळा नव्हता याचीही नोंद ठेवावी.

अरविंद: आमच्या शाळेतही हेच झाले. उद्दिष्टपत्रक आम्हीच भरायचे होते, मात्र निकालाची टक्केवारी त्यात आधीच छापलेली होती. त्यामुळे मला वाटते, प्रश्न मूल्यमापनाच्या नमुन्याचा आहे. नमुना बदलला की सारे सुरळीत होईल.

वसुधा: अरविंदसर, पत्रक सुबक करूनही तो आकडा तुमचा होणार नाही. तुमच्याकडे उद्दिष्ट ठरवण्याची पायरीच गाळली गेली.

केदार: मला ही टीका एकांगी वाटते. रॉजर्स आणि हंटर यांनी १९९१ मध्ये ७० अभ्यासांचा आढावा घेतला, त्यांपैकी ६८ अभ्यासांत उत्पादकता वाढलेली आढळली. सर्वोच्च व्यवस्थापनाची बांधिलकी भक्कम होती तिथे सरासरी वाढ ५६ टक्के, तर ती क्षीण होती तिथे अवघी ६ टक्के होती. म्हणजे मर्यादा आहे ती वरच्यांच्या लक्षाची. भांडार आणि खरेदी यांच्यातला पेच जागरूक कारखाना व्यवस्थापक पहिल्याच तिमाहीत सोडवील.

वसुधा: ते निष्कर्ष मला मान्य आहेत आणि तिमाही आढाव्याबद्दलही तुमचे बरोबर आहे. परंतु व्यवस्थापक पेच सोडवील तो त्याच्यापर्यंत पोहोचला तर. खरेदीप्रमुखाला स्वस्त दराचे श्रेय मिळत असताना तो ही अडचण वर कशाला नेईल? डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग तर ही पद्धत काढूनच टाका म्हणत, कारण एकूण व्यवस्थेतून येणारा परिणाम एका माणसाच्या खात्यावर मांडला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. मी तितक्या टोकाला जाणार नाही. या दोघांना साठा आणि दर यांचे मिळून एकच संयुक्त उद्दिष्ट द्यावे आणि वेतनाचा निर्णय आढाव्यापासून वेगळ्या बैठकीत घ्यावा, असे माझे मत आहे.

सुधाकर: वेतनाशी संबंध तोडला, तर तिमाही आढाव्याला कोण गांभीर्याने बसेल? आणि संयुक्त उद्दिष्ट चुकले, तर जाब कोणाला विचारायचा?

वसुधा: दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे नेटके उत्तर नाही. जबाबदारी वाटली की ती पातळ होते, हे खरेच आहे. पहिल्याबद्दल एवढेच म्हणते, की आकडा वेतनाला बांधला की माणूस वर्षाच्या सुरुवातीलाच सहज गाठता येईल असे उद्दिष्ट मागतो. ३० दिवस शक्य असताना भांडारप्रमुख ३८ वर अडून बसला, तर तुम्हाला ते कळणार कसे?

केदार: मागील वर्षांच्या नोंदींवरून काही अंशी कळेल. नव्या विभागात मात्र नाही.